न आवडलेली साडी आणि मैत्रिणीचे आभार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या वर्षी माझी पन्नाशी झाली. कॉलेजपासूनची मैत्रीण नाशिकहून ठाण्याला आली आणि तिनं पिशवीतून साडी काढून माझ्या हातात ठेवली. गडद राणी रंग, पोपटी काठ, पदरभर जरीचे मोर. मी गेली वीस वर्षं सुती साड्या नेसते, त्याही फिकट रंगांच्या. ती साडी पाहून माझ्या मनात पहिला विचार आला, तो 'ही मी कधी नेसणार?' हा. तिच्याशी खोटं बोलायचं नव्हतं आणि तिला दुखवायचंही नव्हतं. त्या दिवशी मी काय बोलले, हे पुढे बहिणींना, शेजारणींना, ऑफिसातल्या मैत्रिणींना सांगितलं, तेव्हा त्यांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते इथे घेतले आहेत.

भेट आवडलीच नाही, तर खरं बोलून आभार कशाचे मानायचे?

आधी विचारा, मग आभार माना. माझा सगळा अनुभव या एका क्रमात आहे.

साडी हातात आल्यावर मी तिला विचारलं, "ही कुठे मिळाली तुला? आणि हाच रंग कसा घेतलास?" ती सांगू लागली. शनिवारी सुट्टी काढून ती येवल्याला गेली होती. नाशिकहून येवला सुमारे ८० किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन दिवस मोडला. तीन दुकानं फिरली. आणि रंगाचं म्हणशील, तर कॉलेजात असताना एका रात्री हॉस्टेलवर मी तिला सांगितलं होतं, की माझ्या आईची राणी रंगाची पैठणी ताईच्या लग्नात ताईला गेली आणि मी दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते. मी हे सांगितल्याचं मलाच आठवत नव्हतं. तिनं तीस वर्षं लक्षात ठेवलं होतं.

साडी मला त्यानंतरही आवडली नाही. रंग तोच, काठ तोच. पण आता माझ्याजवळ आभार मानायला इतकं होतं, की शब्द अपुरे पडले. मी म्हटलं, "आईच्या साडीचं तुझ्या लक्षात राहिलं, मला भरून आलं गं." यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

प्रत्येक भेटीमागे इतकी मोठी गोष्ट निघेल असं नाही. कधी उत्तर येतं, "घरी येताना दिसली, तुझी आठवण झाली, घेतली." तेवढंही पुरतं. वाटेत कुठेतरी तिला आपली आठवण झाली, हे आभार मानण्याजोगंच आहे.

"खूप आवडली" असं सरळ म्हणून टाकलं तर काय बिघडतं?

त्या क्षणी काहीच बिघडत नाही, पुढे बिघडतं. मैत्रीण ते वाक्य खरं मानते आणि लक्षात ठेवते. मग दिवाळीला त्याच धाटणीची दुसरी साडी येते, भाचीच्या लग्नात "ती राणी कलरची का नाही नेसलीस?" असं विचारणं होतं, आणि आपण पहिलं वाक्य सांभाळायला दुसरं, दुसरं सांभाळायला तिसरं बोलत जातो. माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी मैत्रिणीनं दिलेल्या पितळी समईचं तोंडभर कौतुक केलं. आता त्यांच्याकडे वेगवेगळ्या वर्षांच्या वाढदिवसांच्या चार समया आहेत आणि मैत्रीण अजून नव्या आकाराची शोधते आहे. इथे मैत्रिणीचा काहीच दोष नाही, तिनं ऐकलेल्या शब्दावर विश्वास ठेवला.

मग नेमके शब्द कोणते वापरायचे?

इथे मराठीचं व्याकरण आपल्याला मदत करतं. "मला साडी आवडली" या वाक्यात सगळी क्रिया साडीभोवती फिरते, मैत्रीण वाक्यात कुठेच नाही. "तू येवल्यापर्यंत गेलीस", "तू आठवणीनं आणलीस", "तू एवढ्या लांबून ही सांभाळून आणलीस" या वाक्यांत ती आहे आणि साडीबद्दल आपण कसलाही निवाडा दिलेला नाही. आभाराची वाक्यं 'तू'पासून सुरू केली, की खोटं बोलायची वेळ सहसा येत नाही.

भावना सांगायची, तर ती आपली स्वतःची सांगावी. "मला फार अप्रूप वाटलं", "मला भरून आलं", "मला एकदम आपली खोली आठवली". मला 'अप्रूप' हा शब्द फार जवळचा आहे. आपल्यासाठी कुणी एवढं केलं, याचं नवल आणि आनंद दोन्ही त्यात येतात आणि वस्तूच्या रूपाशी त्याचा संबंध नसतो.

वस्तूबद्दल काही बोलावंसं वाटलं, तर दिसतं ते आणि पटतं तेच बोलावं. मी म्हटलं, "मोरांचे पिसारे किती बारीक काढलेत!" ते खरंच बारीक होते. पण काठाबद्दल मी गप्प राहिले, कारण त्याबद्दल चांगलं बोलण्यासारखं मला काही सापडलं नाही.

काही शब्द मात्र टाळा. "वेगळीच आहे", "बरी आहे", "हटके आहे" याचा अर्थ आपल्याकडे सगळ्यांना कळतो. जेवणाच्या ताटावर कुणी "भाजी वेगळी लागतेय" म्हटलं, की करणारीचा चेहरा पडतो, तसंच.

"धन्यवाद" म्हणावं, "आभारी आहे" म्हणावं की "थँक्यू"?

जवळच्या मैत्रिणीला "मी तुझी आभारी आहे" म्हटलं, तर ती बहुधा म्हणेल, "आभार मानून परकी करतेस का?" आपल्याकडे आभार हा शब्द समारंभातला, व्यासपीठावरचा. 'धन्यवाद' लिहिताना ठीक, बोलताना जरा दूरचा. "थँक्यू गं" आता आपलंच झालं आहे, ते खुशाल म्हणावं. पण भेट आवडलेली नसते, तेव्हा नुसतं "थँक्यू" तोकडं पडतं. ते लवकर संपतं आणि पुढची शांतता सगळं सांगून जाते. त्याला एक वाक्य जोडा, वर सांगितलंय तसं, 'तू'पासून सुरू होणारं.

तिनं तोंडावर विचारलं, "आवडली ना?" तर?

तिनं मलाही विचारलं. साडीची गोष्ट सांगून झाल्यावर, जरा थांबून. मला वाटतं, माझ्या चेहऱ्यावर तिला काहीतरी दिसलं असावं. मी म्हटलं, "रंग माझ्या नेहमीचा नाही, मला सवय करावी लागेल. पण तू ज्यासाठी आणलीस, ते मला साडीपेक्षा मोठं आहे." ती क्षणभर गप्प झाली, मग हसून म्हणाली, "तू नेसतेस त्या साड्या पाहूनच तर मी ही घेतली. म्हटलं, पन्नाशीला तरी रंग बघू दे."

त्या उत्तरात काय काय होतं, ते उलगडून सांगते, कारण सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. एक, दोष साडीला दिला नाही, माझ्या सवयीला दिला, आणि ते खरंही आहे. हीच साडी माझ्या धाकट्या जावेला खुलून दिसली असती. दोन, "आवडली नाही" असा शेवटचा निकाल दिला नाही. मी पाचच मिनिटांपूर्वी ती पाहिली होती, इतक्यात निकाल देणंही घाईचं झालं असतं. तीन, 'पण'च्या नंतर काय आलं ते पाहा. मराठीत 'पण'च्या पुढचं वाक्य ऐकणाऱ्याच्या मनात उरतं. "तू आणलीस ते खूप छान, पण रंग माझ्या नेहमीचा नाही" असं उलटं बोलले असते, तर शब्द जवळजवळ तेच आणि तिच्या मनात राहिला असता फक्त रंग.

उत्तर द्यायला उशीर मात्र लावू नका. "आवडली ना?" नंतर मोठा श्वास घेतला, की पुढे कितीही चांगलं बोललं तरी ते सारवासारवीसारखं वाटतं.

"अगं, कशाला एवढा खर्च केलास!" हे चालेल का?

एकदा म्हटलं तर चालेल, ती आपली रीत आहे. दोनदा-तीनदा म्हटलं, की बोलणं किमतीवर जातं आणि मग तिला "काही नाही गं, सेलमध्ये मिळाली" असं काहीतरी म्हणावं लागतं. भेट आवडलेली नसताना हे वाक्य जास्त वेळा तोंडून निघतं, असं माझं निरीक्षण आहे. आपण मनातली अडचण खर्चाच्या बोलण्यात लपवतो. आणि ऐकणारीला ऐकू येतं, 'पैसे वाया घालवलेस.'

आहेर पाकिटात, खोक्यात येतो आणि लोक गेल्यावर उघडतो. तेव्हा काय?

हे खरं तर सोपं. आपल्याकडे वास्तुशांतीला, मुंजीला, लग्नात भेटी पाहुण्यांसमोर उघडत नाहीत. वहीत नाव लिहून ठेवतात आणि रात्री घरचे मिळून उघडतात. चेहरा सांभाळायची वेळच येत नाही. दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर मेसेज करावा, पण सगळ्यांना पाठवलेला तोच ठरावीक मजकूर नको. मी वास्तुशांतीनंतर एका मैत्रिणीला पाठवलेला मेसेज असा होता. तिनं मोठं, चकचकीत, कारंज्याचं शोपीस दिलं होतं:

"काल रात्री तुझं खोकं उघडलं. एवढं जड तू लोकलमधून कसं आणलंस? त्या गर्दीत तू चार तास थांबलीस, वाढायलाही उभी राहिलीस, ते मी विसरणार नाही. पुढच्या रविवारी निवांत ये, घर नीट दाखवायचं राहिलंय."

शोपीस सुंदर आहे असं त्यात कुठेही नाही. फोटो पाठवायचा मोह मात्र टाळावा. हॉलमध्ये मांडून फोटो काढला, पाठवला आणि मग माळ्यावर टाकलं, तर तो फोटोच खोटं बोलला. ती रविवारी आली की काय दाखवणार?

नंतर ती विचारते, "कधी नेसणार?" काय सांगू?

न पाळता येणारं वचन देऊ नका. "दसऱ्याला नक्की" म्हणालात, तर दसऱ्याला नेसा. मी सांगितलं, "एकदा तुझ्यासमोर घडी मोडणार, ते नक्की." आणि मोडली. तिच्या मुलाच्या साखरपुड्याला नाशिकला गेले, तेव्हा तीच साडी नेसले. चार तास मला त्या रंगात अवघडल्यासारखं झालं, पण ते चार तास मी तिला आनंदानं दिले. दिलेलं एक वचन मी पुरं केलं, त्यापुढे दर सणाला नेसायचं बंधन मी घेतलेलं नाही आणि तिनंही अपेक्षा ठेवलेली नाही.

ती हातमागाची पैठणी समजून आणली, पण तशी नाही हे मला कळलं. सांगायचं का?

हा प्रश्न मला खराच पडला होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हातमागावरच्या पैठणीचा पदर उलटा करून पाहिला, तर मागूनही नक्षी जवळपास तशीच स्वच्छ दिसते, कारण प्रत्येक रंगाचा धागा त्या त्या जागेपुरता हातानं गुंतवलेला असतो. यंत्रमागावरच्या साडीत, जिला बाजारात सेमी पैठणी म्हणतात, मागच्या बाजूनं धागे एका नक्षीपासून दुसरीपर्यंत मोकळे धावत जातात, किंवा कापलेली टोकं दिसतात. सेमी पैठणीत वाईट काही नाही. हातमागाचा भाव सांगून तीच विकली गेली असेल, तर फसवणूक आहे.

माझ्या साडीच्या मागे धागे मोकळे होते. मी त्या दिवशी काही बोलले नाही. तिला फक्त विचारलं, "दुकानदार काय म्हणाला गं, हातमाग की सेमी?" ती म्हणाली, "सेमीच आहे, हातमागाची मला कुठून परवडणार!" विषय संपला. मी न विचारता मनात धरलं असतं, की तिला फसवलं, तर विनाकारण तिची कीव करत बसले असते.

पण समजा, तिनं हातमागाची म्हणूनच घेतली असती. मग मी असं ठरवलं असतं: आभार मानायच्या वेळी हा विषय काढायचा नाही. बिल तिच्याकडे आहे आणि दुकान बदलून देतं, अशी शक्यता असेल, तर दुसऱ्याच दिवशी तिला एकटीला फोन करून सांगायचं, कारण उशीर केला तर तिचे पैसे बुडतील. बदलून मिळण्यासारखं नसेल, तर ती पुन्हा त्याच दुकानात जायला निघेपर्यंत गप्प बसायचं. निघाली, की मात्र सांगायचंच. तिला त्या माहितीचा उपयोग होणार असेल, तेव्हाच ती सांगण्यात अर्थ आहे.

यासाठी एक साधी काळजी घ्या. काय करायचं हे ठरेपर्यंत साडीला फॉल-पिको करू नका आणि जोडलेला ब्लाउजपीस कापू नका. एकदा कात्री लागली, की दुकान परत घेत नाही, आणि दुसऱ्या कुणाला देतानाही ती नवी राहत नाही.

बदलून आणली तर चालेल का?

मैत्रिणीनं स्वतःहून "बिल आत आहे, बदलून घे" म्हटलं असेल, तर जरूर घ्या आणि बदलून काय आणलं ते तिला दाखवा. तिनं म्हटलं नसेल, तर बिल मागणं म्हणजेच निकाल देणं. माझ्या बाबतीत ते मी केलं नसतं, कारण रंग बदलला असता, तर आईच्या साडीची आठवणच निघून गेली असती.

दुसऱ्या कुणाला देऊन टाकली तर तो खोटेपणा होतो का?

आपल्याकडे ब्लाउजपीस या घरून त्या घरी वर्षानुवर्षं फिरत असतात, ओटीत येतात आणि ओटीतच जातात. त्याला कुणी खोटेपणा म्हणत नाही. मैत्रिणीनं खास आपल्यासाठी निवडलेली वस्तू मात्र निराळी. २०१२ साली अमेरिकेत गॅब्रिएल अॅडम्स, फ्रान्सिस फ्लिन आणि मायकेल नॉर्टन या संशोधकांनी भेट पुढे देण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं, की भेट घेणाऱ्यांना वाटतं, पुढे दिल्याचं कळलं तर देणाऱ्याला फार लागेल. देणाऱ्यांना मात्र तितकं लागत नाही. हे वाचून मला धीर आला, पण आपली मैत्रीण कशी आहे, हे आपल्यालाच जास्त कळतं.

माझा स्वतःचा नियम असा, की जे तिला सांगता येईल तेच करायचं. साखरपुड्यानंतर काही महिन्यांनी माझी भाची ती साडी हातात घेऊन आरशासमोर उभी राहिली. मी मैत्रिणीला तिथूनच फोन केला आणि विचारलं, "हिला नेसायला देऊ का?" ती म्हणाली, "दे की! पण साडी तुझ्याच कपाटात राहू दे." तेव्हापासून तसंच आहे. दर तीन-चार महिन्यांनी मी ती बाहेर काढून घडी बदलते, कारण एकाच घडीवर राहिली की तिथे जर तुटते. सुती पंचात गुंडाळून ठेवते आणि डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देत नाही.

वापरताच येणार नाही अशी वस्तू असेल तर?

मधुमेह असताना मिठाई, ॲलर्जी असताना अत्तर, घरात बाळ असताना काचेचं नाजूक काही. इथे आडपडदा नको. त्याच वेळी, हसतमुखानं सांगा: "डॉक्टरांनी मला गोड बंद केलंय, पण घरातली मुलं तुझं नाव घेत खातील." हा आवडीनिवडीचा प्रश्नच नाही, तिलाही वाईट वाटत नाही. लपवलं आणि नंतर कळलं, तर ती म्हणेल, "मला सांगितलं का नाहीस?", आणि तिचं बरोबर असेल.

पुरुषांमध्ये हे असंच चालतं का?

माझ्या नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, मित्रानं दिलेला शर्ट आवडला नाही तर "कुठून उचललास रे हा?" असं तोंडावर बोलतात आणि दुसऱ्या दिवशी तोच घालून जातात. त्यांच्यात ती जवळीक असेल, तर ठीकच. मात्र त्याच्याच एका मित्राला असं बोलल्यावर तो गप्प झाला होता आणि पुढच्या वर्षी त्यानं काहीच आणलं नाही, हेही त्यानंच सांगितलं.

कधीतरी सरळ सांगावं का, की मला असं नको असतं?

सांगावं, पण भेट हातात असताना नाही. दोन भेटींच्या बरोबर मध्ये, एखाद्या साध्या दिवशी, पुढच्या आवडीबद्दल सांगावं, मागच्या नावडीबद्दल नाही. मी या वर्षी फेब्रुवारीत, वाढदिवसाला चार महिने असताना, तिला एका इरकलीचा फोटो पाठवला, "हे बघ, असले रंग पाहिले की मी वेडी होते." एवढंच लिहिलं.

तिचं उत्तर लगेच आलं नाही. संध्याकाळी फोन आला. म्हणाली, "मला माहीत होतं गं तुला तो राणी रंग झेपला नाही ते. साखरपुड्याला तू चार तास पदर सांभाळत होतीस." मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "तू नेसून आली होतीस ना."

जूनमध्ये ती ठाण्याला आली, तेव्हा हातात काही नव्हतं. म्हणाली, "चप्पल घाल, दुकानात जाऊ. निवडणार तू, पैसे मी देणार."